सहा शब्द, आठ स्लाइड आणि एक गळका नळ

इन्स्टाग्रामवर भाषा शिकवणाऱ्या शिक्षकांची एक ठरलेली पोस्ट असते. पहिल्या स्लाइडवर मोठ्या अक्षरांत विषय, मग बोटाने सरकवत गेलं की दर स्लाइडवर एक नवा शब्द, त्याखाली अर्थ आणि त्याखाली एक उदाहरणवाक्य. हिला कॅरूसेल म्हणतात. इन्स्टाग्रामवर ही सोय फेब्रुवारी २०१७ मध्ये आली. तेव्हा एका पोस्टमध्ये दहापर्यंत स्लाइड बसत, ऑगस्ट २०२४ पासून वीस बसतात. जर्मन, जपानी, स्पॅनिश शिकवणाऱ्यांनी हा प्रकार उचलला, तसा मराठी शिकवणाऱ्यांनीही उचलला. नोकरीसाठी पुण्या-मुंबईत आलेले हिंदी भाषक हा त्यांचा एक मोठा वाचकवर्ग.

बघणाऱ्याला वाटतं, यात काय आहे? शब्द घ्यायचा, कोशातून अर्थ उतरवायचा, एक वाक्य जोडायचं. बहुतेक कॅरूसेल बनतातही तशीच, आणि म्हणूनच ती लोकांना आवडतात, सेव्ह होतात आणि विसरलीही जातात. स्लाइडवरच्या तीन ओळींपैकी सगळ्यात जास्त डोकं तिसऱ्या ओळीला लागतं, आणि नेमकी तीच ओळ सगळ्यात घाईत लिहिली जाते.

हिंदी भाषकासाठी एक कॅरूसेल बनवायला घेऊ. प्रसंग साधा आहे: भाड्याच्या घरातला नळ गळतोय आणि प्लंबरला फोन करायचाय.

आधी शब्द निवडायचे. पहिला मोह होतो तो ‘घरातल्या वस्तू’ अशी यादी करण्याचा: नळ, बादली, टाकी, मोरी, पाईप. दुसरा मोह जोड्या लावण्याचा: काल-उद्या, वर-खाली, डावा-उजवा. दोन्ही टाळावेत. थॉमस टिंकम यांनी १९९३ मध्ये आणि रॉब वॉरिंग यांनी १९९७ मध्ये प्रयोग करून पाहिलं, की एकाच गटातले, अर्थाने जवळचे शब्द एकदम शिकवले तर ते सुटे, असंबद्ध शब्द शिकण्यापेक्षा सावकाश शिकले जातात. शब्द एकमेकांत मिसळतात. शिकणाऱ्याला एवढं आठवतं की ही दोनांपैकी एक बाजू आहे, कोणती ते आठवत नाही. हिंदी भाषकाच्या बाबतीत डावा-उजवा ही जोडी तर आणखी घातक आहे, कारण हिंदीतला ‘दायाँ’ म्हणजे आपला उजवा, आणि कानाला मात्र तो ‘डावा’च्या जवळचा वाटतो. दोन्ही शब्द एका स्लाइडवर बाण काढून शेजारी-शेजारी दाखवले, की रिक्षा नक्की चुकीकडे वळणार. ‘उजवा’ आधी एकटा शिकवावा, तो पक्का झाला की आठ-पंधरा दिवसांनी ‘डावा’ आणावा.

मग शब्द बांधायचे कशाने? टिंकम यांच्याच १९९७ च्या दुसऱ्या अभ्यासात याचं उत्तर आहे: एका प्रसंगाने बांधलेले शब्द लवकर बसतात. एक क्रियापद, एक नाम, एक क्रियाविशेषण, सगळी वेगवेगळ्या जातीची, पण गोष्ट एकच. गळक्या नळाचा प्रसंग त्यासाठी चांगला आहे.

तिसरी चाळणी शिकणाऱ्याच्या स्वतःच्या भाषेची. हिंदी भाषकाला ‘नळ’ आणि ‘पाणी’ शिकवण्यासाठी स्लाइड खर्चू नयेत. नल आणि पानी त्याच्याकडे आहेतच. (‘ळ’चा उच्चार हा वेगळा विषय, त्याकडे पुढे येतो.) स्लाइड द्यायची ती दोन तऱ्हेच्या शब्दांना. एक, जे त्याला मुळीच ओळखीचे नाहीत. दुसरे, जे ओळखीचे वाटतात आणि दगा देतात. या चाळणीतून मी हे सहा शब्द ठेवीन: गळणे, आवाज, पुरणे, लगेच, पाठवणे, उद्या.

आता अर्थाची ओळ. ‘गळणे’ घ्या. हिंदीत ‘गलना’ आहे, पण त्याचा अर्थ वितळणं किंवा डाळ शिजून मऊ होणं. हिंदी भाषकाने ‘नळ गळतोय’ ऐकलं तर क्षणभर त्याच्या डोळ्यांसमोर वितळणारा नळ येईल. म्हणून अर्थ लिहायचा ‘टपकना’, आणि तेवढाच. शब्दकोशात गळण्याचे आणखीही अर्थ सापडतील. पानं गळतात, केस गळतात. ते सगळे एका स्लाइडवर कोंबले की एकही हाती लागत नाही. ‘पुरणे’ तर याहून गमतीचा. पाणी दोन दिवस पुरतं, आणि खड्ड्यात एखादी वस्तू पुरतातही. कोश समोर ठेवून अर्थ उतरवणारा शिक्षक ‘काफ़ी होना, दफ़नाना’ असं लिहून मोकळा होतो, आणि शिकणारा पाण्याच्या चर्चेत भलताच गंभीर होतो. आपल्या स्लाइडवर फक्त ‘काफ़ी होना’. दुसरा अर्थ त्याला कधी भेटेल तेव्हा भेटेल.

नाम असेल तर त्याच ओळीत लिंग हवं. मोल्सवर्थच्या १८३१ च्या मराठी-इंग्रजी कोशातही नामापुढे लिंगाची खूण आहे, पण आजच्या कॅरूसेलमध्ये ती क्वचित दिसते. हिंदी भाषकाला वाटतं, लिंग मला माहीतच आहे. एक तर त्याच्या भाषेत नपुंसकलिंग नाही, त्यामुळे ‘पाणी आलं’, ‘घर मोठं आहे’ हे त्याला नवीन. त्यात काही सारखे शब्द दोन भाषांत वेगळ्या लिंगाचे असतात. ‘आवाज’ हिंदीत स्त्रीलिंगी आहे, मराठीत पुल्लिंगी. ‘आवाज येते’ ही चूक त्यामुळेच होते, आणि वर्षानुवर्षं टिकते, कारण समजायला अडचण नसल्याने कोणी दुरुस्त करत नाही. सहा शब्दांत ‘आवाज’ला जागा दिली ती एवढ्यासाठीच. अर्थ सांगायचाच नाहीये, लिंग सांगायचंय. ‘आवाज (पु.)’ एवढं लिहिलं तरी वाचून विसरलं जातं. ते वाक्यात दिसलं पाहिजे.

तिसरी ओळ इथूनच महत्त्वाची होते. उदाहरणवाक्याची एक सोपी परीक्षा आहे: शिकवायचा शब्द झाकून वाक्य वाचा. झाकलेल्या जागी कोणता शब्द असेल याचा अंदाज आला, तर वाक्य चांगलं. ‘हा आवाज आहे’ या वाक्यात आवाज झाका. तिथे आंबा चालेल, हत्तीही चालेल. ‘मला आवाज आवडत नाही’ हेही तसंच. ‘रात्रभर नळाचा टपटप आवाज येतो’ यात आवाज झाकला तरी ‘टपटप’ आणि ‘येतो’ मिळून जागा ओळखू येते, आणि ‘येतो’मुळे लिंगही आपोआप दिसतं. दुसरी परीक्षा अशी, की वाक्यात शिकवायच्या शब्दाखेरीज एकही अनोळखी शब्द नसावा. मी ‘लगेच’साठी आधी ‘लगेच या, पाणी वाया जातंय’ असं वाक्य लिहीन, आणि मग खोडीन, कारण ‘वाया’ हा त्याला ‘लगेच’इतकाच अनोळखी आहे. एका कुलपाला दोन किल्ल्या लागल्या, तर दार उघडायचं कसं? त्याऐवजी ‘लगेच या, अर्ध्या तासात पाणी जाणार आहे’ हे बरं. अर्धा, तास, पाणी, जाणे. यातलं काही त्याला परकं नाही, आणि पाणी ठरलेल्या वेळी जातं हे शहरात राहणाऱ्या कोणाला समजावून सांगावं लागत नाही.

तर सहा वाक्यं अशी होतात. गळणे: स्वयंपाकघरातला नळ गळतोय. आवाज: रात्रभर नळाचा टपटप आवाज येतो. पुरणे: टाकीतलं पाणी संध्याकाळपर्यंत पुरत नाही. लगेच: लगेच या, अर्ध्या तासात पाणी जाणार आहे. पाठवणे: तुम्हाला वेळ नाही? मग दुसऱ्या कोणाला तरी पाठवा. उद्या: आज रविवार आहे, प्लंबर उद्या सकाळी येणार आहे.

शेवटच्या वाक्याकडे जरा थांबून पाहू. हिंदीत गेलेला दिवस आणि येणारा दिवस, दोन्हींना ‘कल’ हा एकच शब्द आहे. मराठीत कानाला त्याच्या जवळचा ‘काल’ सापडतो, म्हणून हिंदी भाषक येणाऱ्या दिवसालाही ‘काल’ म्हणतो आणि प्लंबर बुचकळ्यात पडतो. अशा वेळी शिक्षकाला वाटतं, काल आणि उद्या एकाच स्लाइडवर समजावून टाकावेत. पण वर पाहिलेला घोटाळा इथेही होतो. फक्त ‘उद्या’ द्यावा, आणि वाक्यात ‘येणार आहे’ हे पुढच्या काळाचं रूप असावं, म्हणजे शब्दाची दिशा क्रियापदच सांगतं. ‘प्लंबर उद्या येतो’ असं लिहिलं तर व्याकरण बरोबर राहतं, पण तो आधार निसटतो.

‘गळतोय’ लिहावं की ‘गळत आहे’? पाठ्यपुस्तक दुसरं लिहील. मी पहिलं लिहीन, कारण प्लंबर आणि वॉचमन तेच बोलणार. तसंच ‘भाडे’ आणि ‘भाडं’. छापील मराठीत दोन्ही दिसतात, पण बोलणं शिकवायचं असेल तर कानाला ऐकू येतं ते रूप स्लाइडवर हवं. एक मात्र सांभाळायचं: भाडं, भांडं आणि भांडण हे तिघे एका कॅरूसेलमध्ये भेटू देऊ नयेत. अर्थ दूरचे असले तरी आवाज एवढे जवळचे, की घरमालकाशी बोलताना कोणता तोंडातून निघेल याचा भरवसा नाही.

हिंदी भाषकाला सगळ्यात जास्त अडवणारी गोष्ट आहे सामान्यरूप. हिंदीत ‘नल को’, ‘घर में’ म्हणताना नल आणि घर बदलत नाहीत. तिथे बदलतात ते ‘लड़का’सारखे आकारान्त शब्द. मराठीत नळ-नळाला, घर-घरात, रस्ता-रस्त्यावर, पाऊस-पावसात. स्लाइडवर वर ‘पाऊस’ लिहिलंय आणि खाली ‘पावसात भिजू नको’ असं वाक्य आहे, तर नवशिक्याला तो शब्द वाक्यात सापडतच नाही. म्हणून नाम शिकवताना स्लाइडवरच्या वाक्यात ते मूळ रूपातच यावं: ‘बाहेर पाऊस पडतोय.’ बदललेलं रूप खाली मथळ्याच्या मजकुरात, दुसऱ्या वाक्यात द्यावं. आपल्या ‘आवाज’साठी तिथे ‘त्या आवाजाने झोप मोडली’ असं वाक्य जाईल. (‘झोप’ आणि ‘मोडली’ नवीन आहेत, पण मथळ्याच्या मजकुरात हिंदी भाषांतर द्यायला जागा असते. स्लाइडवर मी भाषांतर देत नाही. ते दिसलं की डोळा आधी तिकडे जातो, मराठी वाक्य वाचलंच जात नाही.)

आणखी एक गोष्ट पुरुष शिक्षकांच्या लक्षात सहसा येत नाही. ‘मी उद्या फोन करतो’ असं उदाहरण दिलं, की शिकणारी बाई ते तसंच पाठ करते. ‘मी’ने सुरू होणारं वर्तमानकाळी वाक्य बोलणाऱ्याप्रमाणे बदलतं, करतो किंवा करते. एक तर दोन्ही रूपं द्यावीत, नाहीतर वाक्यातून ‘मी’ काढून टाकावा. वरच्या सहा वाक्यांत एकाही ठिकाणी ‘मी’ नाही, ते यासाठीच.

आता स्लाइडची मांडणी. उभी स्लाइड साधारण १०८० बाय १३५० पिक्सेलची करतात. फोनवर ती सुमारे सात सेंटिमीटर रुंद दिसते, म्हणजे ४० पिक्सेलचं अक्षर अडीच मिलिमीटरच्या आसपास येतं. रोमन लिपीत तेवढं चालून जातं. देवनागरीत वर मात्रा, खाली उकार, त्यात अनुस्वार, त्यामुळे बसमध्ये उभं राहून वाचणाऱ्याला ‘भाडं’ आणि ‘भांडं’ यातला फरक दिसायला वाक्याचं अक्षर ६० पिक्सेलच्या खाली जाऊ नये, आणि दोन ओळींत भरपूर अंतर ठेवावं. वाक्य एका स्लाइडवर या आकारात बसत नसेल, तर अक्षर लहान करू नये. वाक्य लांबलंय असं समजावं.

अक्षरवळणाचाही प्रश्न आहे. महाराष्ट्र शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात मराठीसाठी ‘ल’ आणि ‘श’ची खास मराठी वळणं ठरवून दिली आहेत. पण अनेक फाँट आपोआप हिंदी वळणाची अक्षरं काढतात. हिंदी भाषकाला ती वाचायला सोपी, हे खरं. पण गल्लीतल्या पाट्यांवर त्याला जे ‘ल’ आणि ‘श’ दिसतात ते वेगळे. भाषा मराठी शिकवायची तर अक्षरंही मराठी असावीत, असं माझं मत. स्लाइड चित्र म्हणून बाहेर काढल्यावर एकदा फोनवर उघडून पाहावी. काही सॉफ्टवेअरमध्ये जोडाक्षरं फुटतात, ऱ्हस्व वेलांटी चुकीच्या अक्षरावर जाऊन बसते, आणि संगणकावर ते लक्षात येत नाही. एकदा पोस्ट केल्यावर खालचा मजकूर बदलता येतो, चित्रातली चूक तशीच राहते, आणि ती लोकांच्या सेव्ह केलेल्या यादीत पडून असते.

चित्रातल्या मजकुराला आणखी एक मर्यादा आहे, ती आवाजाची. ‘ळ’ हिंदी भाषकाला नुसता वाचून येत नाही. तो ‘गलतोय’ वाचतो. ‘चार’मधला च आणि ‘चाक’मधला च वेगळे, हे तर लिपी दाखवतच नाही. ‘जोर’, ‘जास्त’ यांतला ज हिंदीतल्या ‘जल’सारखा उच्चारला, की बोलणारा परका आहे हे लगेच कळतं. कॅरूसेलमध्ये चित्रांच्या जोडीला व्हिडिओही बसतो. सहा वाक्यं सावकाश, मग रोजच्या वेगाने म्हटलेली अर्ध्या मिनिटाची ध्वनिचित्रफीत सातव्या स्लाइडवर ठेवली, तर हा दोष बराच भरून निघतो. एरवी वाचून शिकलेला माणूस प्लंबरचं फोनवरचं उत्तर ओळखू शकत नाही.

आठवी स्लाइड चाचणीची. बोटाने सरकवत जाणं हे पुनर्वाचन आहे, आणि पुनर्वाचनाने शब्द ओळखीचा वाटू लागतो, आठवत मात्र नाही. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांना उतारे दिले. एक उतारा दोनदा वाचायचा होता, दुसरा एकदा वाचून मग आठवून लिहायचा होता. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा दोनदा वाचलेला उतारा जास्त आठवला. आठवड्याने विचारलं तेव्हा आठवून लिहिलेल्या उताऱ्यातलं ५६ टक्के आठवलं, दोनदा वाचलेल्यातलं ४२ टक्के. तो प्रयोग उताऱ्यांवर होता, पण शब्दांच्या बाबतीतही आठवायला लावण्याचा फायदा पुष्कळ अभ्यासांतून दिसला आहे. म्हणून शेवटच्या स्लाइडवर तीच गोष्ट, पण शब्द गाळून: ‘नमस्कार, स्वयंपाकघरातला नळ ____. तुम्ही ____ या. वेळ नसेल तर कोणाला तरी ____. ____ सोमवार आहे, नळाला पाणी नसेल.’ उत्तरं तिथे देऊ नयेत, पर्यायही देऊ नयेत. शिकणाऱ्याने मागे जाऊन शोधावं, ती शोधाशोध कामाची असते.

आणि पुढच्या आठवड्याच्या कॅरूसेलमध्ये हे शब्द परत यावेत, नव्या वाक्यात. किराणा दुकानाचा प्रसंग असेल तर ‘एक किलो तांदूळ आठवडाभर पुरतो का?’ आणि ‘सामान घरी पाठवा’. बहुतेक शिक्षक इथे घसरतात. रोज नवं द्यायचं दडपण असतं, जुना शब्द परत दिला तर बघणारा कंटाळेल असं वाटतं. आठवड्याला सहा शब्द म्हणजे वर्षाला तीनशेच्या आसपास. एवढ्यांतले निम्मे जरी तोंडात बसले तरी पुष्कळ. आणि ते पुन्हा भेटले तरच बसतात. रोज दहा नवे शब्द देणारं खातं वर्षाला साडेतीन हजारांचा ढीग रचतं, पण त्यातला एकही शब्द दुसऱ्यांदा भेटत नाही.

व्याकरण, दीर्घ संभाषण, मजकूर वाचणं हे कॅरूसेलने होत नाही, आणि त्याकडून ती अपेक्षाही नको. त्यासाठी वर्ग आहेत, पुस्तकं आहेत. मुंबई विद्यापीठाच्या जर्मन विभागाने राज्य मराठी विकास संस्थेसाठी अमराठी भाषकांकरता केलेली ‘माय मराठी’ पुस्तकमाला आहे. कॅरूसेल त्या दोन तासांच्या मधल्या वेळेसाठी.

वाचक म्हणून आपल्याकडेही थोडं काम उरतं. शेजारचा भाडेकरू दारात येऊन ‘नळ गळतोय, उद्या प्लंबर येणार आहे’ असं अडखळत म्हणाला, की आपण मोठ्या मनाने हिंदीत उत्तर देतो. ते करू नका. मराठीतच, जरा सावकाश उत्तर द्या, आणि ‘आवाज येते’ म्हणाला तर हसू नका, ‘आवाज येतो’ म्हणून पुढचं बोला.